पाटीमागचा पडदा : प्रस्तावना

एकाच चित्रपटाचे, एकाच संध्याकाळी, एकाच इमारतीत चार खेळ लागलेले असावेत, त्यांतील एकापुढे आयमॅक्स, दुसऱ्यापुढे डॉल्बी ॲटमॉस, तिसऱ्यापुढे नुसते लेझर असे लिहिलेले असावे, चौथ्यापुढे काहीच लिहिलेले नसावे, आणि चौघांच्या दरांत दुपटीतिपटीचा फरक असावा, हा प्रसंग तिकीट आरक्षित करणाऱ्या प्रत्येकास आता नित्याचा झाला आहे. अशा वेळी बहुतेक माणसे महाग ते उत्तम असे समजून निकाल देतात, किंवा हा सारा मामला केवळ दर वाढविण्याचा आहे असे ठरवून सर्वांत स्वस्त खेळाला जातात. दोन्ही निर्णयांत एक गोष्ट विचारावयाची राहून जाते, ती म्हणजे हा चित्रपट मुळात कोणत्या चौकटीत चित्रित झाला आणि त्याचा ध्वनी कोणत्या योजनेत सिद्ध झाला, ही. माझे जे स्नेही तीस वर्षे प्रक्षेपणकक्षात उभे राहून इतरांना चित्रपट दाखवीत आले, त्यांनी ही पुस्तिका त्याच एका प्रश्नाभोवती रचली आहे, आणि तिला चार शब्दांची प्रस्तावना लिहिण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपविले आहे.

पाटीवर एक असावे आणि फितीत दुसरे, हा प्रकार आजचा नव्हे. 15 ऑगस्ट 1975 रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला तेव्हा मी महाविद्यालयात होतो, आणि तो 70 मि.मी.चा चित्रपट लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा चित्रगृहातच पाहिला पाहिजे, या एका निश्चयाने आम्ही पाच मित्र पुण्याहून पहाटेच्या गाडीने मुंबईस गेलो होतो. पुष्कळ वर्षांनी मला कळले की त्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह 35 मि.मी.चीच होती, तीवरून चित्र मोठे करून, त्याच्या वरच्या व खालच्या कडा छाटून, 70 मि.मी.च्या प्रती काढण्यात आल्या होत्या. म्हणजे चित्रापुरते पाहिले तर पाटीवरचा आकडा प्रतीचा होता, चित्रणाचा नव्हता. परंतु ध्वनीची गोष्ट अगदी वेगळी होती. 70 मि.मी.च्या प्रतीवर ध्वनीसाठी सहा चुंबकीय पट्टे बसत. सर्वसाधारण चित्रगृहात पडद्यामागच्या एकाच ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज येथे पडद्याच्या रुंदीभर विभागला जाई आणि एक पट्टा प्रेक्षागृहातील ध्वनिक्षेपकांसाठी राखून ठेवता येई. नाणे उडवल्यावर ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून माणसे वाकून पाहात, ही आठवण त्या काळचे प्रेक्षक अजून सांगतात. त्या चित्रपटाचे पुनर्ध्वनिमुद्रण मंगेश देसाई यांच्या हातून झाले होते, आणि आम्ही पाच जण पुण्याहून ज्यासाठी गेलो ते वस्तुतः त्यांचेच काम होते, हे मला आज उमगते. एकाच पाटीने चित्राविषयी थोडे आणि ध्वनीविषयी पुष्कळ सांगितले होते. ती वाचावी कशी हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते.

आज पाट्या वाढल्या आहेत आणि त्यांतील ध्वनीची पाटी सर्वांत अधिक गैरसमजात सापडली आहे. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हा शब्द गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला चिकटला आणि त्यामुळे छातीत धडधडणारा प्रचंड आवाज म्हणजेच डॉल्बी, असा अर्थ गावोगाव रूढ झाला. चित्रगृहातील योजनेचा मोठेपणाशी संबंध गौण आहे. तिचा खरा विषय आवाजाचे स्थान हा आहे. ज्याला 5.1 म्हणतात त्या योजनेत पडद्यामागे डावा, मधला व उजवा असे तीन स्रोत असतात, संवाद बहुतांशी मधल्या स्रोतातून येतो, प्रेक्षागृहाची डावी बाजू मिळून एक आणि उजवी बाजू मिळून एक असे दोन स्रोत असतात, आणि त्या ‘.1’ने केवळ अतिखर्ज स्वरांसाठी राखलेला स्वतंत्र मार्ग दर्शविला जातो. येथे डाव्या भिंतीवर आठ ध्वनिक्षेपक टांगलेले असले तरी ते आठही एकच गोष्ट बोलतात. 2010 मधील ‘टॉय स्टोरी 3’पासून प्रचारात आलेल्या 7.1 योजनेने मागच्या भिंतीला बाजूच्या भिंतीपासून वेगळे केले, इतकाच तिचा विस्तार.

ॲटमॉसने मात्र हिशेबाची पद्धतच बदलली. 2012 मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाबरोबर ती प्रथम आली आणि त्याच वर्षअखेरीस ‘शिवाजी’ या तमिळ चित्रपटाच्या त्रिमितीय आवृत्तीबरोबर भारतीय चित्रपटात उतरली. या योजनेत ध्वनिसंयोजक ‘हा आवाज डाव्या भिंतीला द्या’ असे सांगत नाही. तो आवाज आणि त्या आवाजाचे अवकाशातील स्थान अशा दोन गोष्टी एकत्र नोंदवून ठेवतो, आणि आपल्या प्रेक्षागृहात कोणता ध्वनिक्षेपक कोठे आहे याची माहिती जवळ असलेले तेथील यंत्र, तो आवाज कोणाकोणाच्या मुखातून किती द्यावयाचा हे त्या क्षणी गणित करून ठरविते. असे 128 पर्यंत ध्वनिमार्ग एका वेळी हाताळता येतात आणि 64 पर्यंत स्वतंत्र निर्गम देता येतात. छताला ध्वनिक्षेपकांच्या दोन रांगा असतात, आणि बाजूचा प्रत्येक ध्वनिक्षेपक स्वतंत्रपणे बोलू शकतो. पाऊस डोक्यावर पडतो तो छतामुळे. पण हेलिकॉप्टर भिंतीवरून सरकत जाते ते या स्वातंत्र्यामुळे, आणि माझ्या मते हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे, जरी जाहिरातीत छताचेच कौतुक अधिक होत असले तरी.

या सर्वांत ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की ॲटमॉस ही पाटी सभागृहाची असते. चित्रपटाच्या निर्मात्याने ध्वनी 5.1 मध्येच सिद्ध केला असेल, तर ॲटमॉस सभागृहातही तो 5.1च वाजेल, छतावरच्या दोन रांगा तीन तास मुक्या राहतील आणि भिंतीवरचे आठ जण पुन्हा एका सुरात बोलतील. उलट ॲटमॉसमध्ये सिद्ध झालेल्या चित्रपटाबरोबर 5.1 किंवा 7.1ची साधी आवृत्तीही दिलेली असते, म्हणून तो साध्या सभागृहातही अडत नाही. प्रक्षेपणकक्षातील माणसाला या गोष्टीचा निवाडा एका दृष्टिक्षेपात करता येतो, कारण त्याच्या यंत्रावर दिसणाऱ्या प्रतीच्या लांबलचक नावातच तो तपशील असतो: `S` म्हणजे रुंद चौकट, `F` म्हणजे तिच्याहून उंच चौकट, आणि पुढे `51` किंवा `71`, त्याला जोडून `ATMOS` असल्यास ती योजना. मध्यंतरात नम्रपणे विचारले तर हे नाव वाचून दाखविणारे कर्मचारी मला भेटले आहेत.

पडद्याची पाटी वाचताना रुंदीपेक्षा उंचीकडे पाहावे लागते. आजच्या बहुतेक मोठ्या चित्रपटांची चौकट उंचीच्या 2.39 पट रुंद असते. आयमॅक्सची मूळ पद्धत, जी 1970 च्या ओसाका येथील प्रदर्शनात प्रथम दिसली, तिच्यात 70 मि.मी.ची फीत आडवी धावते, एका चौकटीला पंधरा छिद्रांची जागा मिळते आणि चित्र उंचीच्या केवळ 1.43 पट रुंद, म्हणजे जवळजवळ भिंतीसारखे उभे राहते. 2008 पासून पसरलेल्या संगणकीय आयमॅक्समध्ये हे प्रमाण 1.90 झाले. साठ फूट रुंदीच्या पडद्यावर 2.39चे चित्र सुमारे पंचवीस फूट उंच होते, 1.90चे साडेएकतीस फूट होते, आणि 1.43चे जवळजवळ बेचाळीस फूट झाले असते. म्हणजे आपल्या परिचयाच्या आयमॅक्समध्ये खरा लाभ साडेसहा फूट उंचीचा आहे, आणि तोही चित्रपट त्या उंचीसाठी चित्रित झाला असेल तरच. नसेल, तर त्याच भव्य पडद्यावर चित्राच्या वर व खाली तीन-तीन फुटांच्या काळ्या पट्ट्या राहतील आणि प्रेक्षकाने त्या पट्ट्यांचेही दाम मोजलेले असेल.

आयमॅक्सचा ध्वनी हा स्वतंत्र कारभार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आयमॅक्सच्या खेळात ॲटमॉस नसते; त्यांची स्वतःची योजना असते, जुन्या सभागृहांत सहा मार्गांची आणि लेझर प्रक्षेपणाच्या नव्या सभागृहांपैकी अनेकांत बारा मार्गांची. तिच्यात भिंतभर रांगांऐवजी मोजके, पण सामर्थ्यवान ध्वनिक्षेपक असतात. तेव्हा ‘आयमॅक्स की ॲटमॉस’ हा प्रश्न पुष्कळदा ‘चित्राची उंची की ध्वनीचे स्थान’ असा असतो, आणि त्याचे उत्तर चित्रपटागणिक बदलते.

दाखल्यासाठी 21 जुलै 2023 रोजी प्रदर्शित झालेला ‘ओपनहायमर’ घेऊ, कारण त्याविषयी मी स्वतः चुकलो. क्रिस्टोफर नोलन यांनी तो 65 मि.मी.च्या फितीवर चित्रित केला होता आणि त्यातील मोठा भाग आयमॅक्सच्या आडव्या फितीवर होता; त्यातील कृष्णधवल प्रसंगांसाठी त्या आकाराची कृष्णधवल फीत कोडॅकने प्रथमच तयार केली. पंधरा छिद्रांच्या प्रती पहिल्या प्रदर्शनात जगातील तीसच पडद्यांवर चालल्या आणि त्यांत भारतातील एकही पडदा नव्हता. आपल्याकडे आयमॅक्समध्ये जे दिसले ते 1.90चे संगणकीय रूप होते. ध्वनीविषयी सांगावयाचे तर नोलन ॲटमॉस वापरीत नाहीत. हा चित्रपट साध्या सभागृहांसाठी 5.1 मध्ये होता आणि आयमॅक्ससाठी त्याचे त्यांच्या योजनेतील वेगळे रूप होते.

माझ्यासमोर त्या शुक्रवारी तीन खेळ होते. आयमॅक्सच्या मधल्या जागा संपल्या होत्या, पहिल्या दोन रांगा तेवढ्या शिल्लक होत्या. शेजारी ॲटमॉसची पाटी असलेले, बरेच महाग सभागृह होते. आणि तिसरे एक साधे, लहान सभागृह होते, ज्यात मधोमध हव्या तितक्या खुर्च्या मोकळ्या होत्या. स्फोटाचा चित्रपट आहे, तेव्हा आवाज उत्तम हवा, असा सरळ हिशेब करून मी ॲटमॉसचे तिकीट घेतले. छतावरचे ध्वनिक्षेपक तीन तासांत एकदाही बोलले नाहीत, आणि ते बोलणारही नव्हते. पण त्याहून मोठी हानी दुसऱ्याच ठिकाणी झाली. ट्रिनिटीच्या चाचणीचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की प्रकाश आधी येतो आणि आवाज पुष्कळ उशिरा. मधला काळ श्वासोच्छ्वासाखेरीज जवळजवळ निःशब्द आहे, आणि त्या निःशब्दतेवरच पुढच्या आघाताचे सारे बळ अवलंबून आहे. नेमक्या त्या वेळी भिंतीपलीकडच्या सभागृहातील कोणत्या तरी गाण्याचा खर्ज ठेका आमच्याकडे झिरपत होता. इतक्या दामांच्या खुर्चीवर बसून मी त्या भिंतीचा दोष ऐकत होतो.

पुढच्या आठवड्यात मी त्याच चित्रपटाला आयमॅक्समध्ये गेलो, मागून चौथ्या रांगेत मधोमध. चौकट उंच होते तेव्हा चेहऱ्याच्या भोवती जी मोकळी जागा राहते तिच्यामुळे एकाकी माणसाचा एकाकीपणा वाढतो, हे मला तेथे प्रथम जाणवले, आणि ती निःशब्दता तेथे खरोखर निःशब्द होती. स्नेह्यांनी माझी हकीकत ऐकून घेऊन एवढेच म्हटले, “तुम्ही पाटी ऐकायला गेलात. त्या दिवशी माझ्या हाती तिकीट असते, तर मी लहान सभागृहातली मधली खुर्ची घेतली असती.” मी तेव्हा वाद घातला, आज त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. चित्रपट 5.1चाच असताना, नीट निगा राखलेल्या साध्या सभागृहात त्याच्या ध्वनीतले काहीही वजा होणार नव्हते.

‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाची गोष्ट 2024 मध्ये उलट होती. तो आयमॅक्सच्या उंच चौकटीसाठीच चित्रित झाला होता आणि त्याचा ध्वनी ॲटमॉसमध्येही सिद्ध झालेला होता, म्हणजे दोन्ही पाट्या त्या चित्रपटापुरत्या खऱ्या होत्या. अशा वेळी मी चित्राच्या बाजूने कौल देतो, कारण वाळूच्या कीटकावर उभा असलेला माणूस पाहताना वरचे आकाश कापले गेले तर ते कोणत्याही ध्वनियोजनेने परत मिळत नाही. परंतु ज्याला तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहावयाचा आहे त्याने ॲटमॉसमध्ये अवश्य ऐकावा. पुण्यात खराडी येथे 2025 साली भारतातील पहिले डॉल्बी सिनेमा सभागृह सुरू झाले, जेथे ॲटमॉसच्या जोडीला अतिशय गडद काळा रंग दाखविणारे लेझर प्रक्षेपण आहे. रात्रीचे प्रसंग अधिक असलेल्या चित्रपटासाठी आता हा तिसरा पक्षही विचारात घ्यावा लागेल. हलत्या खुर्च्या आणि पाण्याचे तुषार यांविषयी पुस्तिकेत एक लहान प्रकरण आहे. त्याविषयी मला येथे काही लिहावयाचे नाही.

खुर्चीविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण खुर्चीची निवड ही पाटीच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे आणि तिला बहुधा अधिक दाम पडत नाही. पडदा डोळ्यांत किती अंश कोन व्यापतो यावर त्याचा मोठेपणा ठरतो. पन्नास फुटांचा पडदा साठ फुटांवरून पाहिला तर तो सुमारे 45 अंशांचा कोन व्यापतो. तीस फुटांचा पडदा छत्तीस फुटांवरून पाहिला तरी नेमका तितकाच. याचा अर्थ, लहान पडद्यासमोर पुढे बसणारा माणूस मोठ्या पडद्यासमोर मागे बसलेल्या माणसाहून कमी पाहात नाही. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरापलीकडे गेले की हा कोन 37 अंशांच्या खाली येतो आणि चित्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखे वाटू लागते. आयमॅक्सच्या सभागृहात शेवटची रांगही पडद्याच्या बरीच जवळ असते, म्हणून तेथे मागचा तिसरा हिस्सा उत्तम. साध्या सभागृहात मध्याच्या थोडे मागे. रांगेच्या टोकाची खुर्ची ध्वनीच्या दृष्टीने वाईट, कारण भिंतीवरचा ध्वनिक्षेपक कानाशी येतो आणि पडद्यावरचा माणूस दूर जातो. अगदी शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीमुळे खर्ज फुगतो आणि संवाद त्यात बुडतात.

पडद्यातच दोष असेल तर तो ओळखण्याची एक युक्ती स्नेह्यांनी मला शिकवली आणि ती मी पुस्तिकेत नसती तरी येथे सांगितली असती. त्रिमितीय चित्रपटांच्या भराच्या काळात अनेक सभागृहांत चंदेरी लेपाचे पडदे बसविण्यात आले, आणि ते साध्या चित्रपटांनाही तसेच ठेवले गेले. अशा पडद्यावर मधोमध तेजाचा एक डाग पडतो आणि कडा मंद होतात. बर्फाचा, आकाशाचा किंवा कोणताही उजळ प्रसंग आला की डोके दोन्ही बाजूंना फूटभर हलवून पाहावे. तो तेजस्वी डाग आपल्याबरोबर सरकला तर पडदा चंदेरी आहे, आणि त्या सभागृहात मधल्या चार-सहा खुर्च्या सोडून कोठेही बसण्यात अर्थ नाही. ध्वनीची मात्रा कमी ठेवली जाते हा दुसरा, फार पसरलेला दोष. संयोजकांनी जी पातळी धरून काम केलेले असते तिच्यापेक्षा खाली, कानठळ्या बसल्याच्या तक्रारींमुळे, व्यवस्थापक यंत्राची खुंटी कायमची आणून ठेवतात. आणि या तक्रारी बहुधा जाहिरातींच्या कर्कशपणामुळे आलेल्या असतात, तर शिक्षा मुख्य चित्रपटाच्या हळू बोललेल्या संवादांना होते. मोठा आवाज पुरेसा वाटतो आणि कुजबूज मात्र कळत नाही, अशी स्थिती असेल तर बाहेर येऊन खुंटी थोडी वर करावयास सांगावे. मी दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा ऐकले गेले.

पुस्तिकेची पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी चित्रपटाची चौकशी, मग सभागृहाची, मग खुर्चीची. सभागृहांच्या यादीत लेखकाने केवळ स्वतः ऐकलेली व मोजलेली सभागृहे घेतली आहेत, आणि प्रक्षेपकाचा दिवा बदलला वा पडदा नवा आला की त्यांचे मत बदलते, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे भेटीची तारीख आहे. शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत, तेथे वाचकाने आपल्या गावच्या सभागृहांची नोंद स्वतः करावी. माझ्या प्रतीत मी पहिली नोंद करून ठेवली आहे: सभागृह क्रमांक तीन, रांग आठवी, खुर्ची चौदावी; पडदा पांढरा, डाग नाही; उजव्या भिंतीवरचा मागून दुसरा ध्वनिक्षेपक मुका; पलीकडचे सभागृह ऐकू येत नाही.